फॉर्मच्या फोटोतल्या टिक, फुल्या आणि गोल ‘हो-नाही’त कसे उतरवायचे

प्रश्न: पुण्यात पर्वती पायथ्याच्या एका वस्तीत आम्ही घरोघर आरोग्याची पाहणी केली. पेनाने भरलेले ६४० फॉर्म आहेत, सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत. प्रत्येक फॉर्मवर २२ हो-नाही प्रश्न. कुणी टिक केली आहे, कुणी गोल केलाय. टिक दिसली की हो आणि नसली की नाही, असं एक्सेलमध्ये भरलं तर चालेल ना? आणि फोटोवरून हे आपोआप होईल का?

उत्तर:

असं भरू नका. आपोआप होण्याबद्दल नंतर सांगतो, आधी पहिला भाग, कारण तिथली चूक मागाहून निस्तरता येत नाही.

‘टिक नसली की नाही’ म्हटलंत की दोन वेगळी माणसं एकाच रकान्यात जाऊन बसतात. एका घरात बाईंनी विचार करून सांगितलं, “नाही, आमच्याकडे कुणाला साखरेचा त्रास नाही.” दुसऱ्या घरात तो प्रश्न विचारायचाच राहिला, कारण मधेच पाणी आलं आणि त्या उठून गेल्या. कागदावर दोन्हीकडे ‘हो’चा चौकोन कोरा. समजा ६४० पैकी १०० घरांत हा प्रश्न राहून गेला आणि ६१ घरांत ‘हो’ आलं. उत्तर दिलेल्या ५४० घरांत ते ११.३ टक्के होतात. कोऱ्याला ‘नाही’ धरलं तर ६४० वर भागून ९.५ टक्के दिसतात. वस्तीत मधुमेह कमी झालेला नसतो, तुमच्या एन्ट्रीने तो कमी केलेला असतो. आणि एकदा एक्सेलमध्ये ‘नाही’ लिहिलं की त्यातले खरे ‘नाही’ कोणते आणि राहून गेलेले कोणते, हे परत सगळे फोटो उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

मी अठरा वर्षं पुण्यात सर्वेक्षणांच्या फॉर्मची एन्ट्री करून घेतोय. त्यातून एक नियम पक्का झाला आहे: एन्ट्री करणाऱ्याने उत्तर लिहायचं नाही, खूण लिहायची. कागदावर पेनाने काय केलंय तेवढंच. त्या खुणेचा अर्थ हो की नाही, हे एका ठिकाणी, एकदाच, सगळ्या फॉर्मसाठी सारखं ठरवायचं.

हे मी एका फसलेल्या कामातून शिकलो. फॉर्मवर ‘होय / नाही’ असे शब्द शेजारीशेजारी छापलेले होते, चौकोन नव्हते. आपल्याकडच्या सरकारी अर्जांवर ‘लागू नसेल ते खोडावे’ असं लिहिलेलं असतं, त्याची सवय असलेल्या एका सर्वेक्षकाने सगळीकडे न लागणारा शब्द खोडला होता. बाकीच्यांनी लागणाऱ्या शब्दाला गोल केला होता. एन्ट्रीला बसलेल्या मुलीला जिथे पेन लागलंय ते उत्तर, एवढंच सांगितलेलं. परिणामी त्या सर्वेक्षकाच्या दोन गल्ल्यांची सगळी उत्तरं उलटी झाली. ‘घरात शौचालय आहे का?’ याला सलग घरांमध्ये ‘नाही’, आणि ‘शौचालय कुठे आहे?’ या त्याखालच्या प्रश्नाला शब्दांत उत्तर, ‘मागच्या खोलीत’. त्या विसंगतीमुळे ते पकडलं गेलं. खालचा प्रश्न नसता तर तो अहवाल तसाच गेला असता. त्या मुलीची त्यात काही चूक नव्हती. खुणेचा अर्थ लावायचं काम आम्ही तिच्यावर टाकलं, आणि त्यासाठी लागणारी माहिती मात्र तिला दिली नाही.

म्हणून आता मी प्रत्येक प्रश्नाला दोन रकाने ठेवतो, उदाहरणार्थ `q07_raw` आणि `q07`. पहिल्यात दोन अक्षरं टाइप करायची: डावं अक्षर ‘हो’च्या जागेवर काय दिसतं त्यासाठी, उजवं ‘नाही’च्या जागेसाठी. टिक असेल तर `T`, फुली `X`, गोल `O`, शब्दावर आडवी रेघ मारून खोडलं असेल तर `S`, गिरबटून रद्द केलं असेल तर `G`, आणि कोरं असेल तर `B`. दुसरा रकाना कुणीच टाइप करत नाही. तो एका छोट्या तक्त्यावरून भरतो:

```
TB  1      BT  2
OB  1      BO  2
BS  1      SB  2
OS  1      SO  2
TX  1      XT  2
GT  2      TG  1
BB  9      TT  7
XB  7      BX  7
```

इथे `1` म्हणजे हो, `2` म्हणजे नाही, `9` म्हणजे उत्तर नाही, `7` म्हणजे अर्थ लागत नाही, माणसाने पाहायचं. हा तक्ता `codes` नावाच्या वेगळ्या शीटवर दुसऱ्या ओळीपासून एकाखाली एक ठेवा, सगळ्या जोड्या `A` रकान्यात आणि त्यांचे आकडे `B` मध्ये. `C2` मध्ये `q07_raw` असेल तर सूत्र द्या:

```
=VLOOKUP(C2,codes!$A$2:$B$40,2,FALSE)
```

तक्त्यात नसलेली जोडी आली की एक्सेल `#N/A` दाखवतं. ते दिसलं की घाबरून शून्य भरू नका. ‘ही खूण अजून आपण ठरवलेली नाही’ एवढाच त्याचा अर्थ आहे. फोटो पाहा, ठरवा, तक्त्यात एक ओळ वाढवा. ती जोडी पुढे जिथे जिथे येईल तिथे तोच अर्थ लागेल.

‘नाही’ला `0` का दिला नाही, असं हमखास विचारलं जातं. एक्सेलमध्ये रिकामा सेल आणि शून्य यांची तुलना केली तर ते दोन्ही सारखेच धरतं. `=A1=0` लिहून पाहा, `A1` रिकामा असला तरी `TRUE` येतं. म्हणजे एवढ्या कष्टाने वेगळं ठेवलेलं ‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’ एका सूत्रात परत एक होतं.

वरच्या तक्त्यात एकट्या फुलीला मी `7` दिलाय, ते बारकाईने पाहा. आपण शाळेत शिकलो ते बरोबरला टिक आणि चुकीला फुली. म्हणून ‘हो’वर टिक आणि ‘नाही’वर फुली असा फॉर्म आला तर अडचण नाही, माणसाने दोन्ही चौकोन वापरून ‘हो’ सांगितलंय. पण काही फॉर्मवर फुली हीच निवडीची खूण असते, आणि तशा अर्जांची सवय असलेला माणूस हव्या त्या चौकोनात फुली मारतो. मग ‘हो’च्या चौकोनात एकटी फुली दिसली तर ती ‘हो निवडलं’ की ‘हो नव्हे’? त्या एका चौकोनाकडे कितीही वेळ पाहिलं तरी ते कळणार नाही. ते त्याच फॉर्मवरच्या बाकीच्या २१ प्रश्नांवरून कळतं. माणूस एका बैठकीत सहसा एकाच पद्धतीने खुणा करतो. त्या फॉर्मवर कुठेच टिक नसेल, सगळीकडे जोडीतल्या एकाच चौकोनात फुली असेल, आणि वय-लिंगाच्या चौकोनांतही फुलीच असेल, तर तिथे फुली म्हणजे निवड. इतरत्र टिका असतील आणि इथेच फुली असेल, तर ती बहुधा नकार आहे. ‘बहुधा’ असेल तिथे मी `7` तसाच ठेवतो, आणि फॉर्म ज्याने भरला त्या सर्वेक्षकाला विचारता येत असेल तर विचारतो. तुमच्याकडे सर्वेक्षक अजून हाताशी असतील. आठवणी ताज्या आहेत तोवर हे उरकून घ्या.

तुमच्या फॉर्मवर ‘खालीलपैकी जे लागू असेल त्यावर खूण करा’ अशी यादीही असेल: रक्तदाब, मधुमेह, दमा, क्षय असे एकेक चौकोन, ‘नाही’साठी वेगळी जागा नाही. तिथे कोऱ्याचा अर्थ पूर्ण यादी पाहून लागतो. यादीत निदान एक टिक असेल, किंवा ‘यापैकी काही नाही’वर टिक असेल, तर प्रश्न विचारला गेला होता हे नक्की, आणि उरलेले कोरे चौकोन `2` धरता येतात. अख्खी यादी कोरी असेल तर सगळ्यांना `9`. यादी कोरी, पण शेजारी वरपासून खालपर्यंत एक लांब तिरकी रेघ मारलेली, असंही येतं. ती रेघ म्हणजे ‘यातलं काहीच नाही’ असं सर्वेक्षकाने घाईत सांगितलेलं असतं. तिला वेगळं अक्षर द्या, तिला कोऱ्यात ढकलू नका.

एक फॉर्म हातात घेऊन पाहू या. समजा प्रश्न ७ ला ‘हो’च्या चौकोनात टिक आहे आणि तिचं शेपूट लांब जाऊन ‘नाही’च्या चौकोनाच्या कोपऱ्यात घुसलंय. एन्ट्रीत `TB`. शेपूट ही वेगळी खूण नाही, टिकेचं खालचं टोक ज्या चौकोनात टेकलंय तो चौकोन खरा. प्रश्न ८ ला ‘हो’ गिरबटून काळा केलाय आणि ‘नाही’वर टिक आहे: `GT`, म्हणजे मत बदललं, उत्तर `2`. प्रश्न ९ ला दोन्हीवर टिक: `TT`, उत्तर `7`, कारण कोणती टिक नंतरची ते फोटोत दिसत नाही. प्रश्न १० ला दोन्ही कोरे, पण समासात पेन्सिलने लिहिलंय, ‘सासूबाईंना विचारून सांगते’. `BB`, उत्तर `9`, आणि समासातला मजकूर शेऱ्याच्या रकान्यात जसाच्या तसा. प्रश्न ११ ला ‘हो / नाही’ या शब्दांभोवती एवढा मोठा गोल की दोन्ही शब्द आत आलेत. इथे कोणता शब्द गोलाच्या मध्यावर आहे ते पाहायचं. एक शब्द पूर्ण आत आणि दुसऱ्याचं एखादंच अक्षर आत असेल तर पहिला धरा. दोन्ही तेवढेच आत असतील तर `OO` लिहा आणि तक्त्यात त्यापुढे `7`. म्हणजे पहिल्या चार प्रश्नांत दोन स्पष्ट उत्तरं, एक `7` आणि एक `9` मिळायला हवा, आणि अकराव्याला गोलाप्रमाणे स्पष्ट उत्तर किंवा `7`. तसं आलं नाही, तर हाच फॉर्म भरणाऱ्या दुसऱ्या माणसाला काय मिळतं ते पाहा, कारण इथेच मतं फिरतात.

आता आपोआप करण्याबद्दल. होतं, पण ते तुमचे फोटो कसे आहेत यावर आहे. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला जेमतेम ५ पिक्सेल. ४ मिलिमीटरचा चौकोन २१-२२ पिक्सेलचा आणि बॉलपेनची रेघ दोन-तीन पिक्सेलची. डोळ्यांना वाचता येईल, पण प्रोग्रॅमला सावली आणि रेघ यांत फरक करणं जड जातं. मोबाइलमधला मूळ फोटो ४००० पिक्सेलचा असेल तर तोच चौकोन ५४ पिक्सेलचा मिळतो. म्हणून मूळ फोटो गोळा करा, आणि पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

पद्धत अशी. फोटोतल्या कागदाचे चार कोपरे धरून तो सरळ करायचा. पायथनमधून वापरता येणाऱ्या ओपनसीव्ही या फोटो हाताळायच्या लायब्ररीत `getPerspectiveTransform` आणि `warpPerspective` ही दोन फंक्शन त्यासाठी आहेत. मग कोऱ्या फॉर्मवरून प्रत्येक चौकोनाची जागा एकदाच मोजून ठेवायची आणि त्या जागेत शाई किती आहे ते पाहायचं:

```python
m = w // 6
box = img[y+m:y+h-m, x+m:x+w-m, 2]
paper = np.median(img[y-h:y+2*h, x-w:x+2*w, 2])
ink = (box < 0.75 * paper).mean()
```

पहिली ओळ चौकोनाची छापील कड बाहेर ठेवते. चौकटी कंसातला शेवटचा `2` म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर: निळ्या पेनाची शाई या थरात गडद दिसते. लाल पेन मात्र या थरात जवळजवळ गायब होतं. पर्यवेक्षकाने लाल पेनाने तपासणीच्या टिका केल्या असतील तर त्या आपोआप गळतात, हा फायदा. पण एखाद्या सर्वेक्षकाने फॉर्मच लाल पेनाने भरला असेल तर तो पूर्ण कोरा येईल. २२ पैकी २२ प्रश्नांना `BB` आलेला प्रत्येक फॉर्म म्हणूनच उघडून पाहायचा. तिसरी ओळ शाईची तुलना आजूबाजूच्या कागदाशी करते, अख्ख्या पानाशी नाही. पानाच्या अर्ध्या भागावर मोबाइलची सावली पडली असली तरी त्यामुळे निभावतं.

कोऱ्या चौकोनात `ink` शून्याच्या आसपास येतो, साध्या टिकेत १० ते २५ टक्के. हे आकडे पेन आणि चौकोन यांप्रमाणे बदलतात, त्यामुळे माझे आकडे उचलू नका. आपलेच ३० फॉर्म चालवा, सगळ्या चौकोनांचे आकडे चढत्या क्रमाने लावा. खाली एक मोठा घोळका दिसेल, वर दुसरा, मधे विरळ जागा. ती विरळ जागा प्रोग्रॅमवर सोडायची नाही, त्यातला प्रत्येक चौकोन माणसाने पाहायचा.

वरच्या टोकालाही माणूसच हवा. सगळ्यात जास्त शाई असलेला चौकोन हा सगळ्यात ठाम ‘हो’ नसतो. टिक १५ टक्के शाई घेते, गिरबटून रद्द केलेली टिक साठ-सत्तर टक्के घेते. ‘हो आणि नाही यांत ज्यात शाई जास्त ते उत्तर’ असा नियम लिहिला, तर बदललेलं प्रत्येक उत्तर उलटं नोंदलं जाईल. आमचा पहिला प्रोग्रॅम नेमकं हेच करत होता. आता निम्म्याहून जास्त शाई दिसली की तो चौकोन सरळ माणसाकडे जातो.

कागद सरळ न होण्याची खूणही सांगून ठेवतो. फॉर्म वळलेला किंवा घडी पडलेला असेल तर चार कोपरे जुळूनही मधला भाग एक-दोन मिलिमीटर सरकतो, आणि चौकोनाची छापील कड आत येते. मग एका ओळीतले सगळे चौकोन, कोरेसुद्धा, जवळपास सारखीच १५-२० टक्के शाई दाखवतात. एका ओळीत सगळीकडे सारखा आकडा दिसला की ती उत्तरं नव्हेत, ती छापील रेघ आहे. तो फोटो कागद पसरून परत काढा.

गोलांचं या मोजणीने जमत नाही, कारण शब्दाची छापील शाई आत असतेच आणि गोल शब्दाच्या बाहेर असतो. त्यासाठी कोऱ्या फॉर्मचा फोटो वजा करायचा, शब्दाच्या भोवतालचा पट्टा घड्याळासारख्या १२ भागांत वाटायचा आणि किती भागांत शाई आहे ते मोजायचं. नऊ-दहा भागांत असेल तर गोल. समोरासमोरच्या दोनच भागांत असेल तर ती आडवी रेघ आहे, म्हणजे खोडलेलं. या दोन खुणांचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून एवढी मेहनत.

तुमच्या ६४० फॉर्मसाठी मी मात्र प्रोग्रॅम लिहिणार नाही. अक्षरांची सवय झालेला माणूस एक फॉर्म अडीच मिनिटांत भरतो. ६४० चे २७ तास होतात. दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न पाहता, सगळेच फॉर्म भरले तर रोज चार तास बसून आठवडाभराचं काम. प्रोग्रॅम लिहून, जागा मोजून, शंकेचे चौकोन पाहून तेवढाच वेळ जाईल. फॉर्म पाच-सहा हजार असतील, किंवा हाच फॉर्म दरवर्षी येणार असेल, तर वेगळी गोष्ट.

दोघांच्या शीट शेजारी ठेवून `_raw` रकाने जुळवा. जिथे अक्षरं वेगळी आहेत तेवढेच फोटो तिसऱ्याने उघडायचे. हे जुळवणं `_raw`वरच करायचं, `q07`वर नाही. एकाने `TX` आणि दुसऱ्याने `TB` लिहिलं तरी दोन्हीकडे `1` येतो आणि मतभेद लपून राहतो, आणि एकाला दिसलेली फुली दुसऱ्याला दिसली नाही हे कळायला हवं.

मग सर्वेक्षकाच्या नावाने शीट लावा आणि प्रत्येकाचे `S`, `X`, `7` आणि `9` मोजा. एकाच माणसाकडे `S` भरपूर आणि बाकीच्यांकडे शून्य, तर तो खोडणारा आहे. त्याचे दहा फॉर्म काढून पुढच्या-मागच्या प्रश्नांशी ताडून बघा. एकाच माणसाकडे `9` जास्त असतील तर तो प्रश्न गाळत होता, किंवा ‘नाही’ आलं की काहीच न लिहिता पुढे जात होता. यातलं काय होत होतं, हे त्याला विचारल्यावरच ठरतं. ‘नाही’ आलं की कोरं सोडत होतो असं त्याने सांगितलं, तर फक्त त्याच्या फॉर्मसाठी `BB` चा अर्थ बदलता येईल. त्यासाठी `codes` मध्ये `C` हा त्याच्या नावाचा वेगळा रकाना करा, त्याच्या फॉर्मच्या सूत्रात `$B$40` ऐवजी `$C$40` आणि `2` ऐवजी `3` लिहा, आणि कुणी, कोणत्या तारखेला, काय सांगितलं ते शेजारी लिहून ठेवा. `BB` जपून ठेवलेलं असल्यामुळेच हा बदल एका ओळीत होतो, ६४० फोटो परत उघडावे लागत नाहीत.